तक्रारदाराला मदत होईल असं पत्र चुकूनही लिहू नका

समजा तुम्ही नगरपालिकेच्या रस्ते विभागात बसता आणि तुमच्या टेबलावर एकाचा अर्ज आलाय. गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण फुटलंय, वरचा दिवा पण बंद आहे, परवा रात्री एक आजोबा पडता पडता वाचले, कृपया बघा. तुम्ही नेहमीचं उत्तर टाइप केलंत:

"उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, सदर बाब या विभागाच्या अखत्यारीत येत नाही. संबंधित विभागाकडे अर्ज करावा. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

आता यात नाव ठेवण्यासारखं काय आहे? तीन वाक्यं, आणि एकातही माणूस सापडत नाही. कळविणारा कोण, काढणारा कोण, झाकण कुठलं, काही पत्ता नाही. पण नवे साहेब आलेत आणि त्यांनी पत्र परत पाठवलंय, वर लाल पेनने शेरा, "नागरिकाला मदत होईल अशा आदराच्या भाषेत लिहा".

घाबरू नका. आधी सोपा उपाय करा. वर "आदरणीय महोदय", खाली "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आपले सहकार्य अपेक्षित आहे" आणि मधे तीच तीन वाक्यं जशीच्या तशी. निम्मे साहेब एवढ्यावर सही करतात. चेंबर उघडाच राहतो, पण पत्र कसं अगदी मऊ होतं.

साहेब मात्र प्रत्येक वाक्यापुढे "कोण? कुठे? कधी?" लिहिणाऱ्यातले निघाले तर तुमचं कठीण आहे. कारण "संबंधित विभाग" म्हणजे मलनिस्सारण, वरच्याच मजल्यावर, हे तुम्हाला चांगलं माहितीये, तिथल्या क्लार्कबरोबर तुम्ही रोज चहा पिता. ते नाव पत्रात आलं की पुढचा प्रश्न येणारच, माहीत होतं तर अर्ज तुम्हीच का नाही पाठवला? मग "अर्ज करावा" खोडून "आम्ही पाठवला आहे" लिहायचं, आणि तसं लिहायचं म्हणजे खरंच पाठवायचा, पोच घ्यायची, क्रमांक टाकायचा. एक क्रियापद बदललं आणि जिना चढावा लागला! त्यात अर्जात दोन कामं आहेत, दिवा विद्युत विभागाचा, म्हणजे दुसरं पत्र, दुसरी पोच. "सदर बाब" लिहिलं होतं तेव्हा दिवा कसा आपोआप गायब झाला होता.

मग तारखेचा घोळ. "लवकरच" लिहिलं की साहेब खोडणार. चिडून "दोन दिवसांत झाकण बसेल" असं लिहाल तर तेही नको, काम दुसऱ्या विभागाचं आणि त्या मापाचं झाकण स्टोअरला आहे की मागवावं लागेल ते तुम्हाला ठाऊक नाही. त्यांना विचारून पाहणी कधी करणार तेवढंच लिहा. पण बघा, इथे परत एक फोन आला.

सगळ्यात दुखणारी गोष्ट म्हणजे "निकाली". तो शब्द काढला की तक्रार प्रलंबितच्या रकान्यात जाते आणि महिनाअखेरच्या मीटिंगमधे आकडा फुगलेला दिसतो. भोक बुजवलं नाही याबद्दल कोणी बोलत नाही, पण प्रलंबित का हे विचारतात. इतकं सोसून जे पत्र तयार होतं ते असं:

"नमस्कार. आपल्या गल्लीच्या तोंडाशी चेंबरचं झाकण फुटलं आहे आणि वरचा दिवा बंद आहे, ही तक्रार मिळाली. झाकणाचं काम मलनिस्सारण विभाग करतो, दिव्याचं विद्युत विभाग. आपण पुन्हा अर्ज करायची गरज नाही. आम्ही तो आजच दोन्हीकडे पाठवला आहे, क्रमांक खाली दिले आहेत. मलनिस्सारणचे कनिष्ठ अभियंता गुरुवारी जागा पाहतील. तोवर तिथे आज संध्याकाळपर्यंत बॅरिकेड लावायला त्यांना सांगितलं आहे. झाकण कधी बसेल ते पाहणीनंतर कळवू, दिव्याची तारीख विद्युत विभाग कळवेल. गुरुवारी कोणी आलं नाही तर शुक्रवारी खालच्या नंबरवर मला फोन करा."

यात "आदरणीय" नाही, दिलगिरी नाही, तरी माणूस वाचून खूश होतो आणि शुक्रवारी फोन करायला मोकळा! म्हणून निदान सहीपाशी तरी सावध राहा. नाव न घालता हुद्द्यापुढे "करिता" लिहून गिचमिड करा, नंबर कोपऱ्यातल्या लँडलाइनचा द्या, आणि ती चालू आहे का हे साहेबांनी विचारायच्या आत पत्र जावकला टाका.