आला नाही त्याला डिस्टिंक्शन

रविवारी सकाळी नऊ वाजता, म्हणजे अख्खं नाशिक मिसळीच्या रांगेत उभं असतं त्या टायमाला, आमच्या सरांनी पालकसभा ठेवली. त्यातच एका आजोबांनी माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स दिला आणि म्हणाले, "ताई, तुमच्यामुळे झालं." मी पण लाजून "अहो माझं काय त्यात" वगैरे म्हटलं. दोन मिनिटांनी कळलं की खरंच माझ्यामुळे झालं होतं, कारण त्यांच्या नातवाने परीक्षाच दिली नव्हती.

मी एका खासगी क्लासमध्ये दहावीला गणित शिकवते. म्हणजे नेमणूक गणितासाठी आहे, पण प्रिंटरमध्ये कागद अडकला, फॅन कुरकुरला की हाक मलाच. रिझल्टची शीट पण तशीच गळ्यात पडली. ऑफिसातला कॉम्प्युटर 2016 च्या एक्सेलवर अडकलाय, त्यावर IFS, म्हणजे एकामागून एक अटी तपासणारा फॉर्म्युला, टाकला की #NAME? म्हणतो, म्हणून शनिवारी रात्री माझ्याच लॅपटॉपवर, माझ्याच विजेवर बसले. मुलं 63. दोन पेपरची सरासरी B कॉलममध्ये, पुढे क्लास लिहायचा. बोर्डात 45 ला सेकंड क्लास लागतो आणि 35 ते 44 ला पास क्लास असतो, पण सरांनी पास क्लास काढूनच टाकलाय. पालकांना आवडत नाही म्हणे. 35 पासून सेकंड क्लास, विषय संपला.

सरांनी फोनवर रेंज सांगितल्या, "साठ ते चौऱ्याहत्तर फर्स्ट", आणि मी वहीत लिहिते तसंच 60<=B2<75 टाकलं. डिस्टिंक्शनवाले आले, नापास आले, मधली सगळी पोरं #N/A. 65 वाला पण #N/A! माझं गणित बरोबर होतं हो, पण एक्सेल ते एका दमात वाचत नाही. आधी 60<=65 बघतो, उत्तर येतं TRUE, मग विचारतो TRUE हा 75 पेक्षा लहान का? त्याच्या हिशोबात TRUE, FALSE कुठल्याही आकड्यापेक्षा मोठेच, त्यामुळे उत्तर कायम नाही. आणि IFS ला एकही अट खरी सापडली नाही की तो #N/A देऊन मोकळा होतो.

मग AND(B2>=60,B2<=74) असं लिहिलं. सगळी पोरं परत आली, एक मुलगी सोडून. तिला 74.5. चौऱ्याहत्तरच्या वर, पंचाहत्तरच्या खाली, म्हणजे पायरीवरून सटकून मधल्या फटीत. तिच्या आईचा चेहरा डोळ्यासमोर आला आणि मी वरच्या सगळ्या मर्यादाच उडवल्या.

```
=IFS(B2>=75,"Distinction",B2>=60,"First Class",B2>=35,"Second Class",B2<35,"Fail")
```

सरांना फोन केला तर म्हणे, "मॅडम, असं केलं तर ऐंशीवाल्याला पण फर्स्ट क्लास लागू होतोय की." होतो ना, पण तो तिथवर पोचतच नाही, IFS डावीकडून निघतो आणि पहिली खरी अट सापडली की तिथेच थांबतो. फक्त क्रम मोठ्याकडून लहानाकडे पाहिजे. 35 ची अट पहिली टाकली तर पास झालेली सगळीच पोरं सेकंड क्लास. सर म्हणाले, "बघा तुमचं तुम्ही." हे त्यांचं आवडतं वाक्य, कारण पुढे काही झालं तर माझं मी बघायचं असतं.

तर आता आजोबा. लासलगावकडचे, कांदावाले, पांढरी टोपी, आवाज असा की माईक बंद होता हे कोणाला कळलं पण नाही. नातू शिकायला नाशिकला आत्याकडे राहतो, रात्री रिझल्ट व्हॉट्सअ‍ॅपवर गेला, पहाटे आजोबा पेढे घेऊन एसटीत. सभेत उभे राहून म्हणाले, "आमच्या घरात पयल्यांदा डिस्टिंशन आलं." टाळ्या झाल्या, सरांनी पण वाजवल्या. तेवढ्यात मागून कोणीतरी पोरगं बोललं, "पण तो तर आलाच नव्हता, त्याला ताप होता."

मी शीट उघडली. त्याच्या नावापुढे B मध्ये AB, अबसेंट. मीच टाकलं होतं. एक्सेलच्या उतरंडीत आकडे खाली, शब्द त्यांच्या वर आणि TRUE, FALSE सगळ्यात वर. म्हणजे AB हा 75 पेक्षा मोठाच, पहिलीच अट खरी, डिस्टिंक्शन. रात्री TRUE ने केलेला घोळ मी पकडला आणि त्याच्याच भावाला दारातून आत सोडलं. नुसती रिकामी जागा ठेवली असती तर तिचा शून्य धरून फेल तरी आला असता. बरं, शब्द सेलमध्ये डावीकडे चिकटतो आणि आकडा उजवीकडे, नुसत्या नजरेला दिसलं असतं, पण मी शोभेसाठी अख्खा कॉलम सेंटर केला होता. ही शोभा कोणी मागितली होती मला?

आजोबांना बाजूला घेऊन समजावलं, चूक झाली, आधी मोठे मार्क वेगळे काढतो, मग मधले, त्यात तुमचा नातू... त्यांनी मला मध्येच थांबवलं. "म्हणजे कांदा निवडतो तसंच ना ओ. आधी मोठा काढायचा, मंग मध्यम, ऱ्हायली ती गोल्टी."

"हो, अगदी तसंच!"

"आन् आमचा माल ट्रॅक्टरमध्येच नव्हता."

"हो आजोबा."

"तरी भाव लागला."

"चुकून लागला."

आजोबांनी टोपी सरळ केली. "ताई, पन्नास वर्षं माल घालतोय. ढीग दाखवून भाव लागत नाही आम्हाला. एकदा न दाखवता लागला, तर तुम्ही परत मागता?"

याला काय उत्तर देणार, सांगा. शेजारच्या दोन पालकांनी माना डोलावल्या, एकजण तर लाल कांद्याचा कालचा भाव विचारायला लागला, सभा राहिली बाजूला. आणि सरांनी तेवढ्यात माईक चालू करून सगळ्यांसमोर सांगितलं की "मॅडमच्या निष्काळजीपणामुळे" रिझल्ट परत छापावे लागतील. बघा तुमचं तुम्ही, ते माईकवर नाही सांगितलं.

दुपारी भाकरी गिळून हे केलं:

```
=IFS(NOT(ISNUMBER(B2)),"Absent",B2>=75,"Distinction",B2>=60,"First Class",B2>=35,"Second Class",TRUE,"Fail")
```

आकडा नसेल त्याला दारातच अडवायचं, म्हणून ती अट सगळ्यात पुढे. रिकामा सेल पण तिथेच अडकतो. शेवटचा TRUE म्हणजे राहिलेले सगळे, तिथे आता #N/A ला जागाच नाही. मग एक 74.5, एक 35, एक 34.5, एक रिकामा आणि एक AB अशी पाच खोटी पोरं घालून बघितली, पाचही बरोबर आली. शनिवारी हीच पाच पोरं दहा मिनिटं बसवली असती तर... जाऊ दे.

63 रिझल्टच्या रंगीत प्रिंटचे पैसे सरांनी माझ्या पगारातून कापायचे म्हटलंय. पेढे मात्र ऑफिसात ठेवले, मला एक मिळाला. आणि काल आजोबांचा फोन आला होता, पुढच्या टेस्टची तारीख विचारत होते, म्हणजे पोराला त्या दिवशी गावी बोलावून घ्यायला.