वडिलांचा फ्लॅट, तीन भावंडं आणि अडकलेली इमारत

आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी सहा वर्षं काम केलं. त्यातलं दीड वर्ष एका फ्लॅटपायी गेलं. त्यात आमच्या कमिटीची चूक होती, म्हणून हे लिहितोय.

दुसऱ्या मजल्यावरचे काका २०१७ मध्ये गेले, काकू २०२१ मध्ये. मृत्युपत्र कोणाचंच नव्हतं. मागे थोरला मुलगा (तो त्याच घरात राहायचा), नाशिकला दिलेली मुलगी आणि पुण्यातला धाकटा. काकांनी नॉमिनेशन थोरल्याच्या नावाने केलं होतं. फ्लॅट काकांच्या स्वकमाईचा, त्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायद्याने पत्नी आणि तीन मुलं असे चार सारखे वाटे झाले. काकूंच्या पश्चात त्यांचा वाटाही तिन्ही मुलांत गेला. म्हणजे आज प्रत्येकाचा एक तृतीयांश, मुलीचाही तेवढाच. नाशिकच्या ताईंना मात्र "तुमचं लग्न झालं, तुमचा काय हक्क" हे आमच्या एका कमिटी मेंबरने तोंडावर ऐकवलं होतं. ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली तेव्हा आम्ही सरळ थोरल्याला सभासद धरलं. नॉमिनी म्हणजे मालक, असंच आम्हाला वाटत होतं. ते खरं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्यातल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. खरे वारस ठरून सभासद होईपर्यंत सोसायटीला कोणाशी तरी पत्रव्यवहार करता यावा, मीटिंगला कोणाला तरी बोलावता यावं, एवढ्यासाठी ती जागा. नॉमिनेशनच नसेल तर कमिटीला जो वारस दिसतो त्याला तात्पुरतं घेता येतं. पण मालकी त्याने ठरत नाही. कायमचं नाव चढवायला मृत्युपत्र, सक्सेशन सर्टिफिकेट, वारस दाखला किंवा सगळ्या वारसांनी मिळून केलेली कौटुंबिक व्यवस्था यापैकी काहीतरी हातात लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये इंद्राणी वाही प्रकरणात हेच सांगितलं (तो कायदा पश्चिम बंगालचा होता): सोसायटीने नॉमिनीचं नाव लावावं, वारसांना आपला हक्क न्यायालयात मागण्याची वाट मोकळी राहते.

ताईंनी पत्र पाठवलं: माझ्या सहीशिवाय करार करू नका. आम्ही ते फाईलला लावलं आणि उत्तरच दिलं नाही. मग त्यांनी पवित्रा बदलला, मला पुनर्विकासच नको म्हणाल्या. धाकट्यानेही त्यांना साथ दिली. बिल्डरचा वकील म्हणाला, तिघांच्या सह्या आणा, नाहीतर थांबा. २४ कुटुंबं थांबली.

इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले होते आणि ते सोडवणं आमचं काम होतं. इमारत पाडायची का, हा पहिला प्रश्न. तो सर्वसाधारण सभेचा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे त्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर लागतात आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. आमच्या २४ मध्ये हे आकडे १६ आणि १३ होतात. सभेला १९ जण होते, १५ जणांनी होकार दिला. काकांच्या फ्लॅटचं मत एकच होतं. ते होकारात पडो, नकारात पडो वा पडूच नये, ठराव उभा राहत होता. वारस तीन झाले म्हणून मतं तीन होत नाहीत, आणि तिघांची संमती नाही म्हणून ठराव पडतही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये गिरीश मेहता प्रकरणात म्हटलं आहे की रीतसर ठराव झाला की तो न पटलेल्या सभासदालाही बांधतो. वारस काकांच्या जागी येतात, त्यामुळे काकांना जे बांधलं असतं ते त्यांनाही बांधतं.

नव्या इमारतीतला फ्लॅट, बांधकाम चालू असताना बिल्डर देतो ते भाडं आणि तो देतो ती एकरकमी रक्कम म्हणजे कॉर्पस कोणाचा, हा दुसरा प्रश्न. तो दिवाणी न्यायालयाचा. त्यात सोसायटीने बोलायचंच नाही. वाटे ठरवायचे नाहीत, आवडत्या वारसाला पूर्ण सभासद करायचं नाही आणि एकट्याच्या नावाने कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार होऊ द्यायचा नाही. आम्ही नेमकं हेच करायला निघालो होतो.

ताईंचा खरा राग कळायला मला नाशिकला जावं लागलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, मला इमारत अडवायची नाही हो. पण एकदा दादाने सही केली, कॉर्पस त्याच्या खात्यात गेला, की मला कोण विचारणार?" त्यांच्या हातात तेवढी एकच दोरी होती आणि ती आमच्या गप्प बसण्याने त्यांच्या हातात दिली होती.

आकडे सांगतो. भाडं महिना ४०,०००, तीन वर्षांचं १४ लाख ४० हजार. कॉर्पस सहा लाख. ताईंचं म्हणणं होतं की भाड्यातही माझा तिसरा वाटा. माझं मत वेगळं होतं आणि आजही आहे: थोरला त्याच घरात राहत होता, घर पाडलं तर त्याला राहायला जागा लागणार, भाडं त्यासाठी आहे. कॉर्पस आणि नवा फ्लॅट मात्र तिघांचा. हे पटायला तीन बैठका लागल्या.

शेवटी सोसायटीने लेखी कळवलं की थोरला तात्पुरता सभासद आहे, तिघांचा दावा नोंदवला आहे, करारात "कै. अमुक यांचे वारस" म्हणून तिघांची नावं येतील आणि हक्क ठरेपर्यंत नव्या फ्लॅटचा ताबा किंवा कॉर्पस एकट्याला मिळणार नाही. बिल्डरने ते मान्य केलं. हे पत्र हातात पडल्यावर ताईंचा विरोध आठवड्यात संपला. तिघांनी कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त केला: भाडं थोरल्याला, कॉर्पस तिघांत दोन-दोन लाख, आणि नवा फ्लॅट तयार झाल्यावर थोरला इतर दोघांना त्यांच्या वाट्याची रक्कम देऊन नोंदणीकृत हक्कसोडपत्र घेणार.

तडजोड झालीच नसती तरी आम्हाला इमारत थांबवायची नव्हती. रीतसर नोटीस देऊनही घर रिकामं झालं नसतं, तर करारात लवादाची तरतूद होती म्हणून लवाद कायद्याच्या कलम ९ खाली उच्च न्यायालयात अर्ज केला असता. तिथे कोर्ट रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेणारा न्यायालयाचा अधिकारी, नेमून ताबा घेतला जाऊ शकतो, वादातली रक्कम न्यायालयात जमा होऊ शकते आणि नवा फ्लॅट निकालापर्यंत राखून ठेवता येतो. कमिटीने स्वतः कुलूप तोडणं, पाणी किंवा वीज तोडणं हा मार्ग नाही. आमच्याकडे दोघांनी ते सुचवलं होतं.

बाजूला पडलेल्या वारसांनी एवढं करा. मृत्यूचा दाखला आणि नात्याचे पुरावे जोडून सोसायटीला व बिल्डरला पत्र द्या, पोच घ्या. पत्राने भागलं नाही तर वाटपाचा दावा लावून नवा फ्लॅट विकायला मनाई मागा. बृहन्मुंबईत मालमत्ता असेल तर त्या दाव्याची लिस पेंडन्स नोटीस, म्हणजे या मालमत्तेवर दावा चालू आहे अशी सूचना, सब-रजिस्ट्रारकडे नोंदवा. ती नोंदवली नाही, तर दावा चालू असताना फ्लॅट घेणाऱ्याला तो दावा बांधत नाही, आणि हे अनेकांना फार उशिरा कळतं.

जुनी इमारत पाडायच्या आदल्या दिवशी तिघं भावंडं आली होती. ताईंनी स्वयंपाकघराच्या भिंतीवरची काकूंची देवाची फळी काढून नेली.