केसांसाठी घेतलेल्या कॅप्सूलनेच केस गळतात तेव्हा

"व्हिटॅमिनच आहे, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जाईल." नाशिकमध्ये मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं की कुणाला ते तपासून बघावंसं वाटत नाही. सी बाबत ते बऱ्यापैकी खरं आहे, ए बाबत धोकादायकरीत्या खोटं. तरीही दोन्ही गोळ्या एकाच पिशवीत आणि एकाच भरवशावर घरी येतात, हे मला मुळीच पटत नाही.

आधी सी. आतड्याच्या पेशींवर सी आत घेणारे वाहक असतात आणि त्यांची संख्या ठरलेली असते. 200 मिलिग्रॅमपर्यंतचं सी बहुतेक सगळं आत घेतलं जातं. 1000 मिलिग्रॅमची फसफसणारी गोळी घेतली तर साधारण निम्मंच आत जातं. उरलेलं आतड्यात पाणी ओढतं, म्हणून मोठ्या डोसनं पोट बिघडतं. जे रक्तात पोचतं ते मूत्रपिंडात गाळलं जातं. तिथेही परत खेचून घेणारे वाहक मोजकेच असतात, ते भरले की पुढचं सगळं लघवीत जातं. रोज 200 ते 400 मिलिग्रॅम मिळालं की रक्तातली पातळी जवळपास वर जायची थांबते. (बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते ती रायबोफ्लेविनमुळे. सी निघून जातं तेव्हा रंगावरून काही कळत नाही.)

म्हणून सी कितीही घ्यावं असं नाही. मोठ्यांसाठी रोजची वरची मर्यादा 2000 मिलिग्रॅम मानतात. सीचा काही भाग शरीरात ऑक्झलेट होतो, त्यामुळे मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी ग्रॅमच्या हिशोबात सी घेऊच नये. आणि लघवीची पट्टीवरची तपासणी असेल तर लॅबमध्ये सांगा की सीची गोळी चालू आहे. लघवीत सी भरपूर असलं की साखर किंवा रक्त असूनही पट्टी ते दाखवत नाही.

आता ए. कलेजीत आणि बहुतेक ए-कॅप्सूलमध्ये असतं ते तयार ए, म्हणजे रेटिनॉल. ते तेलात विरघळतं. आतडं ते तेला-तुपाबरोबर ओढून घेतं आणि "पुरे आता" असं म्हणणारी व्यवस्था तिथे जवळजवळ नाही. खाल्लेल्यातलं 70 ते 90 टक्के आत जातं. पुढे ते यकृतात साठतं, चरबीच्या थेंबांत. रक्तात फिरताना रेटिनॉल एका छोट्या प्रथिनाला धरून असतं. ते प्रथिन एकटं असतं तर मूत्रपिंडातून गळून गेलं असतं, पण ते आणखी एका मोठ्या प्रथिनाला जोडलेलं असतं, म्हणून गळत नाही. टंचाईच्या काळात ए वाया जाऊ नये यासाठीची ही सोय आहे. डोस जास्त झाला की हीच सोय अंगाशी येते, कारण सीला जशी लघवीची वाट आहे तशी एला नाही. यकृत ते मोडेल तसं ते हळूहळू बाहेर पडतं, तेवढंच.

एक उदाहरण मांडून बघू. पंचवटीतल्या एका तिशीच्या बाईंचे केस गळतायत असं समजा. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्या रोज 25,000 आययूची ए-कॅप्सूल घेतात. रेटिनॉलचा 1 आययू म्हणजे 0.3 मायक्रोग्रॅम, म्हणून ही कॅप्सूल झाली 7,500 मायक्रोग्रॅमची. भारतीय शिफारशीनुसार बाईंची रोजची गरज 840. तयार एची वरची मर्यादा 3,000. म्हणजे रोज मर्यादेच्या अडीच पट.

शिवाय रविवारी मटणाबरोबर काळ्या मसाल्यातली कलेजी असते. जनावरानं काय खाल्लं त्यावर कलेजीतला आकडा खूप बदलतो, पण मेंढीच्या 100 ग्रॅम कच्च्या कलेजीत 7,000 मायक्रोग्रॅमच्या पुढे ए असू शकतं. आठवड्यावर वाटलं तर रोजचे साधारण 1,000. नुसती एवढी कलेजी धडधाकट माणसाला त्रास देत नाही, आखाडातल्या एका जास्तीच्या ताटानंही विष होत नाही. खरा भार रोजच्या कॅप्सूलचा आहे, कलेजी त्यावर भर घालते.

हे वर्षानुवर्षं चाललं की साठवणीच्या पेशी भरतात. मग ए प्रथिनाला न धरता, एस्टरच्या म्हणजे स्निग्ध आम्लाला जोडलेल्या रूपात रक्तात मोकळं फिरतं आणि पेशींच्या आवरणांना इजा करतं. ओठ सारखे फुटतात, कातडी कोरडी होऊन खाजते, हाडं दुखतात, डोकं धरतं. आणि केस रुक्ष होऊन गळतात. इथेच घोळ होतो: केस गळतायत म्हणून बाई आणखी एक कॅप्सूल वाढवतात. डोकेदुखीसोबत नजर धूसर झाली तर कवटीतला दाब वाढलेला असू शकतो. तेव्हा वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. वर्षांनुवर्षांच्या डोसनं यकृतात व्रण धरतात. दारू किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर धोका आणखी वाढतो.

तपासणीतही फसगत होते. यकृत रक्तातलं रेटिनॉल एका पातळीवर धरून ठेवतं, त्यामुळे साठा ओसंडत असतानाही "सीरम रेटिनॉल" नॉर्मल येऊ शकतं. उपाशीपोटी रेटिनिल एस्टर मोजले आणि ते एकूण एच्या 10 टक्क्यांहून जास्त निघाले तर संशय बळावतो. सोबत यकृताच्या तपासण्या हव्यातच. कॅप्सूल बंद केल्यावर बहुतेक त्रास काही आठवड्यांत ते महिन्यांत ओसरतात, पण यकृतातले व्रण पूर्ण भरून येतीलच असं नाही.

गरोदरपणाचं मात्र ठासून सांगतो. "रक्त वाढेल" म्हणून सुनेला कलेजी करून घालणाऱ्या सासूबाईंची माया खरी आहे आणि कलेजीत लोहही खरंच असतं. पण जास्तीच्या तयार एमुळे बाळाच्या चेहऱ्यात, हृदयात, मेंदूत दोष येऊ शकतात, आणि ते पहिल्या काही आठवड्यांत, दिवस गेल्याचं कळायच्या सुमारास. त्या काळात कलेजी आणि कॉड लिव्हर ऑइल टाळा. लोहासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी आणि साधं मटण पुरे. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर एची कॅप्सूल आधीच डॉक्टरांना दाखवा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असलेल्यांनी वरून ए कधीच घेऊ नये, ते एचंच भावंड आहे.

गाजर, पालक, शेवगा यांची भीती नको. त्यात बीटा कॅरोटीन असतं आणि शरीर गरजेपुरतंच त्याचं ए बनवतं. गाजरं फार खाल्ली तर तळहात पिवळे पडतात, डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो. काविळीत तोही पिवळा होतो.

अंगणवाडीत मुलांना दर सहा महिन्यांनी 2 लाख आययूचा डोस देतात, तो हे वाचून चुकवू नका. 2 लाख आययू म्हणजे 60,000 मायक्रोग्रॅम. 180 दिवसांवर वाटले तर रोजचे 333, लहान मुलाच्या गरजेच्या आसपास. यकृत साठवतं म्हणूनच हे जमतं. फक्त तारीख कार्डावर लिहून घ्या, म्हणजे तोच डोस महिन्याभरात दुसरीकडे परत दिला जाणार नाही.

घरातल्या सगळ्या डब्या आज एकत्र काढा, मल्टिव्हिटॅमिन आणि फिश ऑइलसकट. लेबलवर रेटिनिल पामिटेट किंवा रेटिनिल असिटेट लिहिलं असेल तर ते तयार ए. आकडा आययूत असेल तर 0.3 नं गुणा, सगळ्यांची बेरीज करा. रोजची बेरीज 3,000 मायक्रोग्रॅमच्या वर गेली आणि ती डॉक्टरांनी लिहून दिलेली नसेल, तर त्या डब्या घेऊन त्यांच्याकडे जा.