मागच्या गुरुवारच्या शोधात

सेट-टॉप बॉक्सवर हुकलेला कार्यक्रम नंतर पाहण्याची जी सोय असते तिला कॅच-अप म्हणतात, आणि ती सोय घरात असणे व ती घरच्यांना सापडणे यांत ठाणे आणि कसारा यांच्याएवढे अंतर आहे. आमच्याकडे मुक्कामाला असलेल्या सासूबाई गुरुवारी संध्याकाळी राम मारुती रस्त्यावर साड्या पाहण्यात गुंतल्या आणि त्यांच्या साडेआठच्या मालिकेचा भाग हुकला. “जावईबापू, तेवढा तो भाग लावून द्या,” असे त्यांनी शनिवारी, मी वर्तमानपत्र उघडल्यावर, सांगितले.

गच्चीवरच्या छत्रीकडे मागचा गुरुवार मागता येत नाही. उपग्रहाकडून येणारे प्रक्षेपण एकतर्फी असते. जुना भाग कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि तो इंटरनेटवरूनच येतो, म्हणून बॉक्स आधी वाय-फायला जोडावा लागतो. आमचा राउटर आतल्या खोलीत आहे, बॉक्स दिवाणखान्यात आहे आणि मध्ये बिल्डरने बहुधा नजरचुकीने भक्कम बांधलेली भिंत आहे. 5 गिगाहर्ट्झचे नेटवर्क त्या भिंतीपुढे हात टेकत होते आणि चित्र दर मिनिटाला गोल गोल फिरत होते, 2.4 गिगाहर्ट्झचे नेटवर्क निवडल्यावर मात्र ते सुरळीत चालू लागले.

मग रिमोटवरचे गाइडचे बटण दाबून त्या वाहिनीच्या ओळीवर जायचे आणि डावा बाण दाबत काळात मागे सरकायचे. ज्या कार्यक्रमाच्या नावाशेजारी उलट्या बाणाचे चिन्ह दिसते तोच पुन्हा लागतो. सामने आणि पुष्कळसे चित्रपट यांना हे चिन्ह नसते, कारण ते नंतर दाखवण्याचे हक्क वेगळे विकत घ्यावे लागतात. हे सासूबाईंना पटले नाही, परंतु त्यांना सामना पाहायचा नसल्याने वाद वाढला नाही.

गुरुवारचा भाग लागला आणि नायिका लिफाफा फोडणार तोच संपला. खरी गोम इथे आहे. कॅच-अपचे तुकडे पुष्कळदा वेळापत्रकातल्या वेळेनुसार पडतात. वाहिनीने जाहिरातींपायी मालिका चार मिनिटे लांबवली, तर ती चार मिनिटे पुढच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला जाऊन बसतात. म्हणून लिफाफ्यात काय होते हे पाहायला नऊची मालिका उघडावी लागली. लिफाफा फुटला, मी रिमोट खाली ठेवला आणि सासूबाई तीच नऊची मालिका शेवटपर्यंत पाहत राहिल्या.

“ही बरी दिसते हो. हिचे आधीचे भाग लावा.”

आमच्या सेवेत मागे जाण्याची मर्यादा सात दिवसांची आहे, म्हणजे मागच्या सोमवारचा भाग येत्या सोमवारी रात्री नाहीसा होणार. सासूबाईंनी सोमवारचे परतीचे तिकीट पुढे ढकलले आहे.