जामीन मिळाला म्हणजे केस संपली नाही

"माणूस गेला आणि ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी जामिनावर घरी. मग भरपाईही बुडाली का?"

नाही ताई, अजिबात नाही. निष्काळजीपणाने मृत्यू, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 106(1). शिक्षा 5 वर्षांपर्यंत असली तरी गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे पोलीस ठाण्यातूनही जामीन होतो. सदोष मनुष्यवधाचं कलम 105 लागलं असतं तर गोष्ट वेगळी.

भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात स्वतंत्र चालतो. फौजदारी कोर्टात चूक संशयापलीकडे सिद्ध करावी लागते, इथे 'असंच घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढं पुरतं. माझ्या मावसभावाला ट्रकने उडवलं. साक्षीदार फितूर झाला, ड्रायव्हर सुटला. पण पंचनाम्याच्या नकाशात टायर घासल्याच्या खुणा ट्रकच्या चुकीच्या बाजूला होत्या. त्यावरूनच न्यायाधिकरणाने निष्काळजीपणा धरला आणि विमा कंपनीला वहिनीची भरपाई द्यावी लागली.

फौजदारी निकालासाठी थांबू नका. दाव्यासाठी कायद्यात अपघातापासून 6 महिन्यांची मुदत आहे. एफआयआर, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम रिपोर्टच्या प्रती आजच मागा. पगाराच्या स्लिपा जपून ठेवा, रक्कम ठरवताना त्यांचा मोठा आधार असतो.