डाएट चालू असतानाही पायांची ताकद वाढते

"डाएटवर असताना पायांची ताकद वाढतच नाही. त्यामुळे चरबी जाळायला रोज शंभर लंजेस मारा. फक्त गुडघा बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका, नाहीतर गुडघे कामातून गेलेच."

असा सल्ला नेहमी कानावर येतो, पण तो पटण्यासारखा नाही. लंजेस म्हणजे एक पाऊल टाकून दोन्ही गुडघे वाकवत खाली जाणं आणि परत उठणं. नवशिक्याची पहिल्या काही आठवड्यांतली ताकद मुख्यतः मज्जासंस्थेच्या सरावातून येते. स्नायूंचे जास्त तंतू एकदम कामाला लागतात आणि तोल सावरण्यात वाया जाणारा जोर वाचतो. त्यासाठी जादा जेवण लागत नाही. जेवणातली रोजची तूट 300 ते 500 कॅलरींची असेल आणि प्रथिनं पुरेशी असतील, तर नवशिक्याचे स्नायूही थोडे वाढू शकतात. मात्र दर आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याहून जास्त उतार पडत असेल, तर तूट फार झाली.

शंभर लंजेस जमत असतील, तर त्यातले बहुतेक स्नायूला सोपेच जातात. त्याने दम वाढतो, ताकद फारशी नाही, आणि चरबी उतरते ती मुळात जेवणातल्या तुटीने. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, प्रत्येक पायाचे 8 ते 12 रेप्स, म्हणजे आवर्तनं, असे तीन सेट पुरतात. सेट संपताना जेमतेम दोनच रेप्स अजून निघतील, इतका तो जड हवा. सुरुवात स्प्लिट स्क्वाटने करा, म्हणजे एक पाय पुढे आणि एक मागे ठेवून जागीच खाली-वर व्हा, कारण त्यात पाय जागचे हलत नाहीत. मग मागे पाऊल टाकायचे लंजेस, पुढचे सर्वांत शेवटी. स्टेप-अपला, म्हणजे एका पायाने पायरीवर चढून उतरायला, जिन्याची एक पायरी पुरे. तिथे बहुतेक जण खालच्या पायाने उडी घेतात आणि वरच्या पायाला काम उरत नाही. खालच्या पायाची बोटं उचलून फक्त टाच टेकवा, म्हणजे लबाडी लगेच कळते. उतरताना तीन अंक मोजा.

डाएटवर एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. समजा 72 किलोची बाई 10 रेप्स काढते. वजन 68 वर आल्यावर तिचे 12 निघाले, तर त्यातला काही भाग फक्त ओझं घटल्याचा आहे. पाठीवरच्या सॅकमध्ये चार किलो पीठ भरून तिने पुन्हा मोजावं. तेव्हाही 12 निघाले, तर ताकद खरंच वाढली. याउलट व्यायामाच्या सलग दोन-तीन दिवशी रेप्स घसरले, तर ओझं तेच ठेवून एक सेट कमी करा आणि झोप, जेवण तपासा.

राहिला गुडघा. जिना उतरताना तो दर पायरीला बोटांपुढे जातोच. स्क्वाटमध्ये तो मुद्दाम मागे रोखला की गुडघ्यावरचा ताण थोडा घटतो, पण कंबर पुढे झुकते आणि खुब्यावरचा भार कितीतरी वाढतो. टाच जमिनीवर टेकलेली आणि गुडघा दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत असेल, तर निरोगी गुडघ्याला पुढे जाण्यात धोका नाही. वाटीमागे दुखलं, तर पायरी बुटकी घ्या किंवा कमी खोल जा. दुसऱ्या दिवशीही गुडघा सुजलेला असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.