शेअर कमी का झाले, त्याबद्दल

रिव्ह्यू (२ स्टार): "कन्व्हर्टिबल नोटची शेअरमध्ये कन्व्हर्ट करायची एन्ट्री आमच्या अकाउंटंटने तयारच केली होती, फक्त बघून द्यायची होती. आठ दिवस लावले आणि वर इन्व्हेस्टरचे शेअर कमी केले. फी मात्र पूर्ण घेतली."

नमस्कार साहेब, आठ दिवस लागले हे खरंय. त्यातले तीन ॲग्रीमेंटची कॉपी यायची वाट बघण्यात गेले, बाकीचे आमचेच, आणि मधे एक फोन तरी करायला पाहिजे होता, तो केला नाही, चुकलं.

पण शेअर आम्ही मनानं कमी केले नाहीत. तुमचे आकडे इथं टाकणार नाही, दुसरेच घेऊन सांगतो. समजा नोट २५ लाखाची, ८ टक्के साधं व्याज, दीड वर्ष झालं, म्हणजे व्याज ३ लाख. नवीन राउंडचा भाव ५००, नोटवाल्याला २० टक्के डिस्काउंट, म्हणून ४०० ला शेअर. ड्राफ्टमध्ये २८ लाखाला ४०० नं भागून ७,००० शेअर काढलेले. दिसायला एकदम बरोबर.

आता व्याज खात्याला जमा करताना तुमच्या अकाउंटंटनी १० टक्के टीडीएस कापून भरलेला, तो ३०,००० (हे त्यांनी वेळेवर केलं, भले भले विसरतात). म्हणजे इन्व्हेस्टरचं देणं राहिलं २,७०,०००. ड्राफ्टमध्ये डेबिट मात्र ३ लाखाचं. टॅलीत व्याजाचं लेजर उघडलं की लगेच कळतं, एन्ट्रीनंतर ते शून्य व्हायला पाहिजे, तिथं ३०,००० डेबिट लोंबकळतंय. ते पैसे कंपनीनं सरकारला भरलेत, इन्व्हेस्टरला त्याचं क्रेडिट मिळणार, आणि वर त्याच पैशाचे ७५ शेअरपण द्यायचे, मग त्याची झळ बाकीच्या शेअरहोल्डरना बसते की.

म्हणून २७,७०,००० भागिले ४००, शेअर ६,९२५. दर्शनी किंमत १० धरली तर ६९,२५० शेअर कॅपिटल आणि उरलेले २७,००,७५० सिक्युरिटीज प्रीमियम. ड्राफ्टमध्ये हे दोन भाग वेगळे केलेले होते, तिथं काही हात लावावा लागला नाही.

ॲग्रीमेंट मागितलं ते पण याच्यासाठीच. पूर्ण व्याजावर शेअर द्यायचे असं त्यात ठरलेलं असेल तर इन्व्हेस्टरनं टीडीएसचे ३०,००० कंपनीला आणून द्यायचे, मग ७,००० बरोबर. तुमच्यात तसं कलम नव्हतं, दोनदा वाचलं.

ॲलॉटमेंटचा ठराव अजून व्हायचा होता म्हणून हे कागदावरच निस्तरलं, पीएएस-३ भरल्यावर निघालं असतं तर शेअर मागं घेणं सोपं नसतं. इन्व्हेस्टरना हिशोब समजावायला मी स्वतः येतो, किंवा राजारामपुरीत ऑफिसला त्यांना घेऊन या. आणि ठराव झाला की कॉपी लगेच पाठवा, फॉर्मला ॲलॉटमेंटपासून ३० दिवसच असतात, यावेळी आमच्याकडून उशीर होणार नाही.